'अधिक तत्पर' म्हणजे आजवर काय होतं?

चाकणच्या एका कारखान्यात हिशेबनीसांनी आपला मोबाइल आमच्या ताईंपुढे धरला आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काढलं का हो?" ताई त्या वेळी त्याच कारखान्याची हजेरी तपासत बसल्या होत्या. मोबाइलवर होती माझी पोस्ट, त्याच सकाळी टाकलेली. कामाची वाटणी बदलणार हे ताईंना ठाऊक होतं. मी काय लिहिलंय हे मात्र त्यांना ग्राहकाच्या हातातल्या मोबाइलवर कळलं.

आमचं काम लहान कारखान्यांची पगारपत्रकं करण्याचं आणि पीएफ, ईएसआयची चलनं भरण्याचं. पूर्वी एका कारखान्याचं सगळं एकच माणूस बघायचा. तो आजारी पडला की कारखाना अडायचा. म्हणून आम्ही पगाराचं टेबल वेगळं केलं, चलनांचं वेगळं. ताईंकडे 14 वर्षं 11 कारखाने होते. ते इतरांमध्ये वाटले गेले आणि ताईंकडे आलं प्रत्येक चलन भरण्याआधी तपासायचं काम. पगार तोच राहिला. पण कारखान्यांतून रोज येणारे फोन थांबणार होते, आणि ते फोन ताईंना प्रिय होते.

माझी पोस्ट तीन वाक्यांची होती. 'ग्राहकांना अधिक तत्पर व अचूक सेवा मिळावी म्हणून 1 तारखेपासून आम्ही टीमची पुनर्रचना करत आहोत. काही सहकारी नव्या भूमिकेत जात आहेत. आपलं सहकार्य असंच राहो.'

यातला 'अधिक' हा शब्द सगळ्यात वाईट. उद्यापासून सेवा अधिक अचूक होणार, म्हणजे आजवर ती कमी अचूक होती. ती कोण देत होतं? ताई. ग्राहकाला धीर द्यायला निघालो आणि 14 वर्षांत एकदाही चलन न चुकवलेल्या बाईंवर जाहीर ठपका ठेवून आलो. शिवाय ग्राहकालाही धीर मिळाला नाहीच, कारण त्यानं मनातल्या मनात मागची चलनं उकरायला घेतली.

दुसरं वाक्य 'काही सहकारी'चं. नाव नसलं की वाचणारा आपल्या ओळखीचं नाव तिथे बसवतो. हिशेबनीसांनी तेच केलं. ज्यांच्याबद्दल काही वाईट सांगायचं नसतं त्यांचं नाव आपण सहज घेतो, हे ग्राहकालाही कळतं.

मोठ्या कंपन्याही इथेच घसरतात. 17 जुलै 2014 रोजी मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र फोन आणि उत्पादनांच्या धोरणावर परिच्छेदामागून परिच्छेद बोलत राहतं आणि सुमारे 12,500 लोकांच्या नोकऱ्या जाणार ही बातमी पार खाली येते. ते पत्र आजही वाईट पत्राचा नमुना म्हणून दाखवलं जातं. आमच्याकडे कुणाची नोकरी गेली नव्हती, पण दोष तोच होता: ज्याच्या आयुष्याशी मजकुराचा संबंध, त्याला मजकुरात जागाच नाही.

आणि तारीख. 1 तारीख कॅलेंडरवर छान दिसते, आमच्या धंद्यात ती सगळ्यात चुकीची. 1 तारखेला मागच्या महिन्याची हजेरी येते, सातच्या आत पगार व्हावे लागतात, 15 च्या आत पीएफ आणि ईएसआय भरावा लागतो. 1 तारखेला माणूस बदलला तर हजेरी नव्याकडे जाते आणि त्या हजेरीतल्या रजांचा, ओव्हरटाइमचा खुलासा जुन्याच्या डोक्यात राहतो. चलन उशिरा गेलं की पीएफवर वर्षाला 12 टक्के दरानं व्याज लागतं, दंड वेगळा, आणि नोटीस येते ती कारखान्याच्या नावानं. ग्राहकाला भीती याची असते. 'पुनर्रचना' या शब्दात त्याला आपली 15 तारीख दिसते.

दुपारी ताई ऑफिसात आल्या. मी आधी माफी मागितली, मग पोस्ट काढली आणि नवा मजकूर त्यांच्यासमोर बसून लिहिला. मी लिहिलं होतं, 'ताई आता मार्गदर्शक म्हणून काम पाहतील.' त्यांनी तो शब्द खोडला. "काम काढून घेतलेल्या माणसाला मार्गदर्शक म्हणतात. मी चलनं तपासणार आहे ना? मग तपासणार असं लिहा." बढती नसेल तिथे बढतीचा सूर लावू नये, हे मी त्या एका रेघेतून शिकलो.

गेलेला मजकूर असा होता, ताईंच्या जागी अर्थातच त्यांचं पूर्ण नाव: 'येत्या 15 तारखेचं चलन भरेपर्यंत तुमचं सगळं काम ताईच बघतील. 16 तारखेपासून हजेरी आणि पगारासाठी पुढील सहकाऱ्यांना फोन करा. गेली 14 वर्षं ताईंनी तुमचा पीएफ आणि ईएसआय वेळेवर भरला. यापुढे आपल्या सर्व कारखान्यांचं प्रत्येक चलन भरण्याआधी त्या तपासतील. पुढच्या एका पगाराला नवे सहकारी आणि ताई एकत्र काम करतील. दर आणि करार तेच आहेत. काही अडलं तर थेट मला फोन करा.' खाली नव्या सहकाऱ्यांची नावं, नंबर आणि माझा नंबर.

यात एकही कौतुकाचं विशेषण नाही. ग्राहकाला हवं ते सगळं आहे: कोण, कधीपासून, काय बदललं, काय नाही, चुकलं तर कोणाची मान. आणि ताईंचा मानही त्याच वाक्यांत आहे, कारण त्यांनी काय केलं आणि काय करणार हे नावानिशी लिहिलंय. बदल का केला हे मी लिहिलं नाही. आमची सोय हे त्याचं कारण होतं. जिथे कारण कुणाचं आजारपण किंवा तक्रार असेल, तिथे तर ते पत्रात अजिबात येऊ नये.

क्रमही उलटा केला. आधी ताई, मग टीम, मग अकराही कारखान्यांना फोन. त्यातले सहा ताईंनी स्वतः केले, नव्या सहकाऱ्याला लाइनवर घेऊन. पोस्ट सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर ती कुणासाठीच बातमी उरली नव्हती, आणि ते बरंच होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या कागदावर आलीच नव्हती, ती ताईंनी काढली. चार कारखान्यांच्या पीएफ पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर ताईंचा होता. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्यांच्या फोनवर येणार. रचना कागदावर बदलून चालत नाही, ओटीपी जुन्याच फोनवर वाजतो. चारही ठिकाणी मालकांना विनंती करून त्यांचा स्वतःचा नंबर घातला. खरं तर तो पहिल्यापासून त्यांचाच असायला हवा होता.

पोस्ट जमली की फसली हे येणाऱ्या फोनवरून कळतं. पहिल्या पोस्टनंतर मला आलेल्या प्रत्येक फोनमध्ये प्रश्न एकच होता, "काय झालं?" दुसऱ्यानंतर लोक विचारत होते की हजेरीची फाइल त्याच नमुन्यात पाठवायची का, आणि सुट्टीच्या दिवशी कोण असेल. चाकणच्या हिशेबनीसांचा फोन 17 तारखेला आला. नव्या मुलाचा नंबर त्यांनी आधीच जपून ठेवला होता. एवढंच विचारलं, "चलन शेवटी ताईंच्या नजरेखालून जाणार ना? मग ठीक."