टोमणा न मारता तगादा कसा लावावा

सीवूड्समध्ये स्टेशनच्या डोक्यावरच ऑफिसं आहेत. त्यामुळे इथे ‘गाडी लेट होती’ हे कारण खिडकीतून तपासता येतं. पाठपुराव्याच्या शास्त्रासाठी याहून सोयीची जागा नाही.

समजा, आपण अकाउंट्समध्ये आहात. सेल्समधल्या सहकाऱ्याने विक्रीच्या बिलांची यादी 8 तारखेला द्यायची होती. आज 10 आहे. आपण त्वेषाने लिहिता : ‘8ची यादी अजून आलेली नाही. आज पाठव.’ मग हे फार रोखठोक वाटतं म्हणून आपण ते मऊ करायला बसता आणि अनर्थ तिथेच होतो. ‘जेंटल रिमाइंडर’ येतं, ‘आपण कामात असाल, समजू शकते’ येतं, शेवटी तीन टिंबं आणि जोडलेले हात. काल डब्यातली भाजी वाटून खाणाऱ्या माणसाला आज एकाएकी ‘आपण’ म्हटलं, की तो ओळखतो : बाई भडकल्यात. सीसीमध्ये साहेब असतील तर हात जोडूनही उपयोग नाही.

तेव्हा मूळ वाक्याला हात लावू नका. ते बरं होतं, फक्त उपाशी होतं. त्याला कारण द्या, आणि ते खरं द्या. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरावा लागतो. तो 12ला भरला, तर 14ला तयार होणाऱ्या जीएसटीआर-2बीमध्ये आपल्या ग्राहकांना ती बिलं दिसत नाहीत आणि त्यांचं क्रेडिट महिनाभर लांबतं. मग ते फोन करतात सेल्सलाच. म्हणजे ही यादी आपल्यापेक्षा त्यालाच जास्त हवी आहे, फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नाही.

दुसरं म्हणजे मागणी लहान करा. ग्राहकाच्या क्रेडिटचा प्रश्न जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्यांच्या बिलांपुरताच आहे, म्हणून आधी तीच मागा. तयार झालेला मजकूर असा :

‘अरे, 8ची यादी अजून आली नाही. उद्या जीएसटीआर-1 भरायचाय, नाहीतर पार्ट्यांचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जाईल. जीएसटी नंबरवाली बिलं आज चारपर्यंत दे, बाकीची उद्या सकाळी चालतील. कुठे अडलंय का?’

शेवटचा प्रश्न शोभेचा नाही. उत्तर येईल त्याला तयार राहा : कदाचित दोन क्रेडिट नोट तुमच्याच टेबलावर अडकल्या असतील.

हे त्याला एकट्याला पाठवा, ग्रुपवर नाही. उत्तरादाखल नुसता अंगठा आला तर तो होकार समजू नये. अंगठा म्हणजे ‘वाचलं’. सव्वाचारला उठून त्याच्या टेबलापाशी जा. तो उरणचा असेल तर साडेपाचला जाऊ नका. त्या मार्गावर गाड्या मोजक्याच, आणि तो मनाने केव्हाच प्लॅटफॉर्मवर पोहोचलेला असतो.

यादी आली की ‘मिळाली, थँक्स’ एवढंच लिहा. ‘अखेर मिळाली’ नव्हे.