गोड रक्ताचे नाना

प्रत्येक सोसायटीत डासांचा एक मानकरी असतो. आमच्याकडे तो मान नानांचा. संध्याकाळी बाकावर आम्ही पाच-सहा जण टेकलेले असतो, पण चटाचट आवाज येतो तो एकट्या नानांच्या पोटऱ्यांवरून. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. नाना खुलतात. "आमचं रक्तच गोड, त्याला काय करणार!" हे ते अशा थाटात म्हणतात, की आपल्या फिक्या रक्ताची आपल्यालाच लाज वाटावी. पाहुणे आले तर त्यांना गांधीही दाखवतात, मुलाची मार्कलिस्ट दाखवावी तशा.

मालतीकाकूंनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींनी, आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. "अहो, पण टोचायच्या आधी डासाला चव कळणार कशी?" असं त्या विचारतात. नानांकडे याचं उत्तर नाही, मत आहे.

खरं म्हणजे नाना डासांना आवतण देऊनच बाकावर येतात. आधी आवाराला फेऱ्या मारायच्या, त्याही मोबाइलवर तारस्वरात बोलत, आणि मग धापा टाकत बसायचं. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो ०.०४ टक्के. आपण सोडलेल्या श्वासात तो चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरपट. डासाच्या मादीच्या सोंडेशेजारी दोन इवल्या मिश्या असतात, त्या हा फरक बऱ्याच मीटरवरून टिपतात. श्वासाचा झोत लागला की बाई वाऱ्याच्या उलट दिशेने निघतात. झोत हुकला तर आडव्यातिडव्या भिरभिरून पुन्हा पकडतात. आणि एकदा श्वास लागला की एरवी जिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं अशी गडद वस्तूही जवळ जाऊन बघावीशी वाटू लागते. नानांचा टी-शर्ट काळा. मळ दिसत नाही म्हणून. आणखी जवळ, हातभर अंतरावर आलं, की घामेजल्या अंगाची ऊब आणि ओल लागते.

पण श्वास बाकावरचे कुलकर्णीही घेतात आणि उबदार तेही आहेत. मग नानाच का?

याचा निकाल वासाने लागतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली छापलेला एक प्रयोग काकूंनी आम्हाला बाकावरच सांगितला. लोकांच्या हातांवर काही तास नायलॉनचे मोजे चढवले, त्यात अंगाचा वास मुरला. मग त्या मोज्यांचे तुकडे दोन-दोन करून डासांपुढे ठेवले. डास डेंगीवाले, एडिस जातीचे. आता निवडा, कोणाकडे जायचं ते! तेहतीस नंबरच्या माणसाचा तुकडा जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकला. अगदी तळाच्या माणसांपेक्षा तो डासांना शंभरपटीहून जास्त आवडला. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तरी लाडके ते लाडकेच आणि नावडते ते नावडतेच. लाडक्यांच्या कातडीवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त सापडली. ती त्वचेच्या तेलकटपणातली. रक्ताची गोडी कुठे आलीच नाही.

नानांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यातून एकच गोष्ट उचलली. "तेहतीस नंबर म्हणजे आमच्यासारखाच कोणीतरी खानदानी असणार."

नानांचा दुसरा हुकमी विनोद म्हणजे, "चावते ती मादीच, बरं का!" हे म्हणताना ते काकूंकडे बघतात आणि बाकावरचे समस्त नर हसतात. काकूंचा आवाज अशा वेळी वर्गातला होतो. नर काही संत नसतो, त्याला चावताच येत नाही. मादीच्या सोंडेत कातडी कापून आत शिरणाऱ्या धारदार सुया असतात, नराच्या नसतात. रोजचं पोट दोघंही फुलांच्या रसावरच भरतात. रक्त हवं ते अंड्यांसाठी, कारण त्यांना लागणारी प्रथिनं त्या रसात नाहीत. "डोहाळे आहेत हो ते!" एकदा पोटभर रक्त मिळालं की शंभरभर अंड्यांची सोय होते. मग दोन-तीन दिवस ती पचवत बसते, आणि अंडी घालून होईपर्यंत नानासुद्धा समोर आले तरी तिला नको असतात. अंडी घातली की पुन्हा शोध सुरू.

"आणि नराच्या डोक्यावर ते झुपके कसले?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"मादीच्या पंखांचा आवाज ऐकायला," काकू म्हणाल्या. "निदान तो तरी ऐकतो."

त्या दिवशी नाना लवकर घरी गेले.

काकूंच्या मते उपाय साधा आहे. बाकाशी एक टेबल फॅन लावायचा. डास काही फार ताकदीचे उडणारे नसतात, वाऱ्यात टिकत नाहीत, शिवाय श्वासाचा नि वासाचा माग विस्कटून जातो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा ठराव आला, तेव्हा विजेचं बिल कोणी भरायचं यावर तास गेला. शेवटी "नाना बसतात की, मग फॅन कशाला?" असं कुलकर्ण्यांनी मांडलं आणि ते बहुमताने मान्य झालं. मग नाना मुलीकडे नाशिकला गेले. त्यांच्या पश्चात बाकावर चटाचट सुरू झाली ती कुलकर्ण्यांच्याच मांड्यांवर. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी नानांना फोन लावला, "तब्येत वगैरे ठीक ना? परत कधी येताय?"