'मॅम, लेटर द्या ना'चं शुद्धलेखन

भाच्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, बघ, किती नम्र लिहिलंय. तरी उत्तर नाही."

मी वाचलं : "हाय मॅम, रिलिव्हिंग लेटर अजून नाही आलं. एक्स्पीरियन्सचं पण. प्लीज बघा ना, अर्जंट आहे यार." शेवटी हात जोडलेल्या तीन बाहुल्या. 'मॅम' आणि 'यार' एकाच वाक्यात नांदत होते. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो हाच.

पोरानं पुण्यातल्या एका कंपनीत तीन वर्षं काढली, साठ दिवसांची नोटीस पुरी केली आणि १४ फेब्रुवारीला लॅपटॉप जमा करून बाहेर पडला. नव्या कंपनीनं कागद द्यायला ३१ मार्चपर्यंत मुदत दिली होती. त्या दिवशी होता १६ मार्च. तोवर जुन्या मॅनेजरला चार मेसेज गेले होते आणि चारींना अंगठा आला होता. आमच्या वेळी अंगठा निरक्षर माणूस लावायचा.

मी चाळीस वर्षं सरकारी टेबलावर काढलेला माणूस. बाह्या सरसावल्या आणि मजकूर सांगितला : "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..." भाचा म्हणाला, "मामा, हे वाचून मॅम राजीनामा देतील. मग त्यांचं लेटर कोण देणार?"

मुद्दा बरोबर होता. माझ्या मसुद्यात नम्रता ओसंडत होती, पण त्याच्या मेसेजसारखीच माहिती शून्य. शिवाय हे पत्र मॅनेजर नव्हे, एचआरच्या बाई काढतात. त्यांना त्याच्या अडचणीची कणव नको असते, त्याचा एम्प्लॉयी कोड हवा असतो. गेलेल्या माणसांच्या यादीत त्याच्या नावाचे आणखी दोघे असू शकतात.

मग आम्ही इंग्रजीत जे लिहिलं ते मराठीत असं होतं :

"विषय : रिलिव्हिंग लेटर व अनुभव प्रमाणपत्र मिळण्याबाबत – (पूर्ण नाव), एम्प्लॉयी कोड (अमुक)

नमस्कार मॅडम,
मॅनेजरना पाठवलेल्या माझ्या २, ६, ११ आणि १४ मार्चच्या संदेशांच्या संदर्भात लिहीत आहे. मी आपल्या कंपनीत सीनियर इंजिनिअर होतो. १४ फेब्रुवारी हा माझा कामाचा शेवटचा दिवस होता. नोटीस पूर्ण केली असून लॅपटॉप व ओळखपत्र त्याच दिवशी जमा केलं आहे. राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि सामान जमा केल्याची पोच सोबत जोडली आहे. मला रिलिव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र अशी दोन्ही पत्रं हवी आहेत. नव्या कंपनीत ती ३१ मार्चपर्यंत द्यायची आहेत, म्हणून २५ मार्चपर्यंत मिळाल्यास आभारी राहीन. माझ्याकडून काही बाकी असल्यास कृपया कळवावं."

'दोन्ही' हा शब्द मी मुद्दाम घातला. पहिल्या पत्रात राजीनामा मंजूर करून अमुक तारखेला मोकळं केलं एवढंच असतं. दुसऱ्यात कधीपासून कधीपर्यंत आणि कोणत्या पदावर, हे असतं. नुसतं 'लेटर' मागितलं की हाताला लागेल ते पाठवतात आणि दुसऱ्यासाठी पुन्हा 'हाय मॅम'पासून सुरुवात.

भाच्याला आणखी एक ओळ हवी होती : "आणि माझा फायनल हिशोबही थकलाय." मी ती खोडली. पैशाचा उल्लेख आला की मेल अकाउंट्सकडे ढकलला जातो आणि पत्रही त्याच्याबरोबर तिथेच मुक्कामाला राहतं. पैशांसाठी वेगळा मेल.

"चार वेळा मेसेज केला, लाज नाही वाटत?" हेही त्याला लिहायचं होतं. त्याचं रूपांतर "मॅनेजरना पाठवलेल्या माझ्या २, ६, ११ आणि १४ मार्चच्या संदेशांच्या संदर्भात" असं झालं. तारखा लिहिल्या की शिवी द्यावी लागत नाही. मॅनेजरला प्रत ठेवली. अंगठेबहाद्दरालाही कळू दे.

खरी पंचाईत पुढे होती. राजीनामा स्वीकारल्याचा मेल ऑफिसच्या खात्यात, आणि ते खातं शेवटच्या दिवशीच संध्याकाळी बंद झालेलं. नशिबानं त्यानं फोटो काढून ठेवला होता. केक कापतानाच्या फोटोंच्या मधोमध सापडला. मेल पाठवायचा तर वैयक्तिक पत्ता कॉलेजातला, 'रॉकी' आणि पुढे सहा नऊ. नवा उघडायला लावला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : "नोटेड." आठव्या दिवशी, म्हणजे २४ मार्चला, दोन्ही पत्रं आली. भाचा उडाला. मी चष्मा लावला आणि पगाराची स्लिप मागितली. पद जुळलं, रुजू तारीख जुळली, शेवटची तारीखही जुळली. नव्या कंपनीची माणसं पडताळणीत हेच शोधतात. मग शेवटचा परिच्छेद वाचला. इंग्रजीत लिहिलं होतं की ती अत्यंत मेहनती होती आणि तिच्या पुढील वाटचालीस कंपनी शुभेच्छा देते.

भाच्याचे अंगठे मोबाईलवर धावू लागले : "मॅम, मी मुलगा आहे..."

"थांब," मी म्हटलं. "आधी विषय लिही. अनुभव प्रमाणपत्रातील सर्वनामाच्या दुरुस्तीबाबत. आणि एम्प्लॉयी कोड विसरू नकोस."