हेल्परचा हेल्पर

प्लंबरच्या हाताखालचा पोऱ्या ओळखावा त्याच्या पान्यावरून. मिस्त्रीचा पाना पिशवीत असतो, पोऱ्याचा सगळ्या गल्लीला दिसेल असा हातात. मिस्त्री लग्नाला गावी गेले आणि बाळूचा पाना त्याच्याआधी सदाशिव पेठेतल्या वाड्याचा जिना चढला.

न्हाणीघर कसंबसं चार बाय तीन. त्यात तांब्याचा बंब, पाण्याचं पिंप आणि दोरीवर ओलं लुगडं. बाळू आत शिरल्यावर दार लागेना.

"नवा नळ घ्या म्हणशील तर आधीच सांगते, जमणार नाही," आजी दारातून म्हणाल्या.

बाळू तेच म्हणणार होता. पण मिस्त्रींचे बोल आठवले: तोंडातून ठिबकलं तर वायसर, मुठीपाशी गळलं तर ग्लँड. इथे तोंडातून ठिबकत होतं. गच्चीवर जाऊन त्याने टाकीचा व्हॉल बंद केला आणि खाली येऊन पाईप रिकामा व्हायला नळ सोडला. धार बारीक झाली, पण थांबेना. जुना व्हॉल पुरता बसत नव्हता.

"पाईपातलं उरलेलं पाणी," बाळू गंभीरपणे म्हणाला आणि खाली बादली ठेवली.

आता नळाचं डोकं खोलायचं. खरी मेख इथेच असते. भिंतीतला लोखंडी पाईप आतून गंजलेला. नुसताच जोर लावला तर डोक्याबरोबर अख्खा नळ फिरतो, आतली आटी तुटते आणि मग भिंत फोडावी लागते. म्हणून एका पान्याने नळाचं अंग धरायचं, दुसऱ्याने डोकं फिरवायचं. पण फिरवायला गेलं की कोपर बंबावर आपटे. दोन्ही पाने एकट्याला पेलेनात.

"आजी, हा जरा धरता?"

आजींनी पदर खोचून पाना धरला. आणि बाळूच्या तोंडून मिस्त्री बोलू लागले.

"घट्ट धरा! हलू देऊ नका! अहो, लक्ष कुठंय?"

दोन वर्षं जे ऐकून घेतलं, ते कुणाला तरी ऐकवायची ही पहिलीच संधी. सोडतो कोण?

डोकं निघालं. वायसरला मधोमध गोल चर पडला होता. बाळूने फायबरचा कडक वायसर घातला, व्हॉल उघडला. टप्... टप्. पुन्हा व्हॉल बंद, पुन्हा आजींना पाना. या खेपेला त्याने आत बोट फिरवलं. वायसर ज्या पितळी कडेवर बसतो तिला खाच पडली होती. कडक वायसर खाचेवर नुसता टेकतो, मऊ रबराचा तिच्यात दबून बसतो. त्याने रबराचा घातला आणि ठिबक थांबली.

"किती झाले?"

"दीडशे."

आजींनी पंचाहत्तर दिले. "अर्धं काम मी केलंय. वर बोलणी खाल्ली ती वेगळीच."

ती कड काही भरून येणार नाही, रबर लवकर झिजेल आणि पुढच्या खेपेला नळच बदलावा लागेल. हे आजींना सांगायचं काम बाळूने मिस्त्रींसाठी राखून ठेवलंय.