आधी क्षती, मग पूर्ती

'इंडेम्निटी' हा शब्द पुढ्यात आला की आमचा कायदेपंडित भाषांतरकार कोश उघडतो, तेथे 'क्षतिपूर्ती' हा तत्सम अलंकार पाहून संतोष पावतो, आणि त्याच मसुद्यात चार ओळींनी 'काँपेन्सेशन' भेटले म्हणजे त्यास 'नुकसानभरपाई' म्हणून मोकळा होतो. दोहोंचा अर्थ मराठीत एकच झाला, हे त्याच्या ध्यानात आले तरी वकीलवर्गाच्या चरितार्थाची ती सोय आहे असे मानून तो मौन पाळतो.

१८७२ च्या करार कायद्यातील कलम ७३ ची भरपाई करार मोडून नुकसान झाल्यानंतर द्यावयाची असते. कलम १२४ मध्ये मात्र दुसऱ्यास नुकसानीपासून वाचविण्याचे वचन आहे. १९४२ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर गजानन मोरेश्वर यांचा दावा आला, तो नेमका याच फरकावर. त्यांनी आपल्या भाडेपट्ट्याची जागा प्रतिवादीस दिली होती. प्रतिवादीने तेथे इमारत उभारताना माल देणाऱ्याचे देणे करून ठेवले, आणि त्या देण्यापोटी जागा गहाण लिहून दिली ती बिचाऱ्या वादीने. त्यातून मुक्त करण्याचे वचन प्रतिवादीने पाळले नाही, आणि दावा लागताच त्याने बिनदिक्कत कैफियत दिली, की वादीस अद्याप एका पैचीही झळ लागलेली नाही, सबब दावा अकाली आहे. न्यायमूर्ती छागला यांनी ती मानली नाही. दायित्व निश्चित झाले असता, खिशातून रक्कम जाण्याची वाट न पाहता मुक्तता मागता येते, असा त्यांचा निर्णय झाला. अशा रीतीने प्रतिवादी इंग्रजीत हरला. परंतु क्षतीवाचून पूर्ती कशाची, हा त्याचा मुद्दा आमच्या कोशांनी मराठीत जिंकून दिला आहे.

काही सावध मंडळी 'हानिरक्षण' लिहितात, आणि तो शब्द अर्थास धरून आहे. उणीव एवढीच, की ज्याचे रक्षण व्हावयाचे त्याने तो कधी ऐकलेला नसतो. 

आणि कचेरीबाहेर खरेदीखते लिहिणारा दस्तलेखक, ज्यास कोशमंडळात कोणी चहालाही बोलावीत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आला आहे, की सदर मिळकतीबाबत कोणी हक्कहरकत केल्यास तिचे निवारण मी स्वखर्चाने करून देईन, तिची तोशीस तुम्हांस लागू देणार नाही. 'लागू देणार नाही' या तीन शब्दांत कलम १२४ चा जीव आहे. परंतु तोशीस पडली फारसी वळणाची, तेव्हा तिला शुद्ध भाषेच्या दरबारात प्रवेश कोठून?

एका करारनाम्याचे छापील भाषांतर नुकतेच नजरेखालून गेले. त्यात क्षतिपूर्ती सात ठिकाणी सात अर्थांनी आली होती. मात्र शेवटले कलम, दोन्ही पाठांत तफावत आढळल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरावा, हे निर्दोष, सुबोध आणि अस्सल मराठीत उतरले होते.