वीस कवितांना रांगेत उभे करण्याची शास्त्रोक्त पद्धत

सुरगाण्याच्या नवकवीने वीस कविता पुऱ्या होताच त्या जमिनीवर पसरून घराचे दार लावून घ्यावे, कारण घरचे लोक आपापल्या आवडीची कविता वर सरकवतात. समजा, शेती-पावसाच्या सहा, द्राक्षबागांत मजुरीला जाण्याच्या पाच, आईच्या चार, प्रेमाच्या तीन आणि मोर्चाच्या दोन कविता आहेत. विषयवार गठ्ठे बांधण्याचा मोह होतो. पण पावसाच्या सहा कविता सलग आल्या की तिसरीपर्यंत वाचक भिजतो आणि चौथीला छत्री उघडतो. विषयाने फक्त सांगाडा द्यावा. शेजार मात्र सुराने ठरवावा. अरुण कोलटकरांचे इंग्रजी ‘जेजुरी’ (१९७६) पाहा. बसमधून सुरू होऊन रेल्वे स्टेशनवर संपणाऱ्या त्या ३१ कवितांना प्रवासाचा धागा आहे, म्हणूनच आत थट्टा, कुतूहल आणि करुणा खुशाल जागा बदलतात.

आपल्याकडे तसा धागा वर्षाचा आहे. नागलीच्या आवणीपासून सुरुवात करावी आणि आईची पहिली कविता तिथेच, चिखलात उभी करावी. दिवाळीच्या आसपास प्रेम उरकावे, कारण पुढे दिंडोरी-निफाडकडे निघायचे असते. मजुरीच्या पाच कविता दहा ते पंधराच्या दरम्यान येतील. त्यांच्या मध्येच मागे राहिलेल्या आईची एक घालावी, म्हणजे बागेतली थकावट आणि रिकामे घर एकमेकांना ऐकू येतात. मोर्चाच्या दोन्ही मार्च २०१८ च्या नाशिक-मुंबई पायी मोर्चावरच्या आहेत असे धरू. त्या लागोपाठ ठेवल्या तर दुसरी घोषणा पहिलीचा आवाज खाऊन टाकते. एक सोळावी, एक एकोणिसावी ठेवावी. मध्ये प्रेमाची उरलेली, दबक्या आवाजाची एक आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या विहिरीची एक. सांधा तपासायचा तर एका कवितेच्या शेवटच्या दोन ओळी आणि पुढचीच्या पहिल्या दोन सलग मोठ्याने वाचाव्यात. तोच शब्द, तीच तक्रार आली की जागा बदलावी. जागा बदलूनही तेच झाले, तर दोष क्रमाचा नाही. त्या दोन कविता मुळात एकच आहेत, आणि संग्रह एकोणीसचा करावा.

यावर कोणी म्हणेल की लिहिल्या त्या तारखांचा क्रमच प्रामाणिक. तो कवीच्या चरित्रकाराला उपयोगी आहे, पण पहिल्या संग्रहाच्या वेळी चरित्रकार अजून नेमलेला नसतो. शिवाय सुरुवातीच्या कच्च्या कविता पुढे आल्याने वाचक पक्क्यांपर्यंत पोचतच नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: वाचक पुस्तक कुठूनही उघडतो. उघडू दे. मधेच उघडलेली कविता आवडली तर तो एक पान मागे आणि एक पान पुढे जातो, आणि शेजार नेमका तिथेच कामाला येतो. प्रकाशन समारंभाचे प्रमुख पाहुणे तेवढे अपवाद. ते व्यासपीठावर पहिली आणि शेवटची एवढ्याच वाचतात. त्यामुळे त्या दोन्ही आखूड असाव्यात, आणि एकीत तरी पाऊस नसावा.