मथळा गेला कुठं?

महिना संपत आला की दुबईतल्या अल कूझला किंवा शारजातल्या इंडस्ट्रियल एरियात कुठल्याही कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये डोकवावं. एक्सेलची एक लांबलचक शीट उघडलेली असते आणि तिच्यासमोर एक काका बसलेले असतात. काका सांगलीचे असतील नाहीतर रत्नागिरीचे, पण आखातात पंधरा-वीस वर्षं काढलेले. शेजारी करक चहाचा कागदी कप. शीट पगाराची असते आणि ती आज बँकेत जायची असते.

अमिरातीत २००९ पासून पगार ‘डब्ल्यूपीएस’ नावाच्या सरकारी व्यवस्थेतून जातो. कंपनी बँकेला किंवा एक्स्चेंज हाउसला एक फाइल देते, तिला सगळे ‘सिफ फाइल’ म्हणतात. तिच्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ: १४ आकडी कार्ड नंबर, बँकेचा कोड, २३ अक्षरांचा आयबॅन, पगाराची सुरुवात आणि शेवटची तारीख, दिवस, मग ठरलेला पगार, मग ओव्हरटाइमसारखी बदलती रक्कम आणि शेवटी रजेचे दिवस. फाइलच्या तळाशी एकच ओळ असते, तिच्यात एकूण माणसं किती आणि एकूण रक्कम किती.

हे शेवटचे तीन रकाने एकाला एक चिकटून येतात आणि तिन्हींत नुसते आकडे. वर मथळा दिसत असेल तोवर ठीक. चारशे बाराव्या ओळीवर पोचल्यावर मथळा नसेल, तर ३५० दिरहमचा ओव्हरटाइम रजेच्या रकान्यात जाऊन बसतो आणि एका गवंड्याने एका महिन्यात ३५० दिवस रजा घेतली असं सिद्ध होतं. ही चूक बरी, कारण ती वाचणाऱ्याला हसू येतं. खरी बेरकी चूक वेगळी. ठरलेले १२०० बदलत्या रकान्यात आणि ओव्हरटाइमचे ३५० ठरलेल्या रकान्यात गेले, तरी बेरीज १५५०च. तळाची एकूण रक्कम जुळते, माणसं जुळतात, काका खूश होतात आणि चूक मजेत बँकेत जाते.

म्हणून मथळा वर अडकवून ठेवायचा. त्यासाठी View मध्ये Freeze Panes आहे. आणि इथूनच गंमत सुरू होते.

समजा, शीटमध्ये ६४० कामगार आहेत. पहिल्या ओळीत कंपनीचं नाव, सेल मर्ज करून, ठळक. दुसरीत तेच अरबीत. तिसरीत महिना. चौथी ओळ ‘जरा मोकळं वाटावं’ म्हणून रिकामी. खरा मथळा पाचव्या ओळीत आणि कामगार सहावीपासून ६४५ पर्यंत. काका मेनूतलं Freeze Top Row दाबतात, कारण नावावरून तेच बरोबर वाटतं. मग खाली सरकतात. मथळा इमानेइतबारे वर निघून जातो आणि कंपनीचं नाव मात्र माथ्यावर ठाण मांडून राहतं. मालकाला याचा आनंद होईल, पण I रकान्यात काय आहे ते कंपनीच्या नावावरून कळत नाही.

एक्सेलला मथळा म्हणजे काय हे ठाऊकच नाही. ते फक्त दोन गोष्टी बघतं: कर्सर कुठं आहे आणि त्या घटकेला पडद्यावर सगळ्यात वर काय दिसतंय. Freeze Top Row म्हणजे पहिल्या नंबरची ओळ नव्हे, पडद्यावर वर दिसणारी ओळ. काका मघाशी ८८व्या ओळीपर्यंत उतरले होते आणि तिथूनच बटण दाबलं, तर ८८वी ओळ मथळा होते. तिथं कोल्हापूरचा एक वेल्डर आहे. आता खालच्या झाडून सगळ्या कामगारांच्या डोक्यावर त्याचं नाव, त्याचा आयबॅन आणि त्याचा पगार झेंड्यासारखा फडकतो.

त्याहून मोठा धक्का पुढं. वर सरकवायला जावं तर शीट ८८च्या वर जातच नाही. सहावी ते ८७वी, म्हणजे ८२ कामगार गायब! मग ‘कुणी डिलीट केलं?’ अशी चौकशी सुरू होते. काका सगळं सिलेक्ट करून Unhide करतात, काही होत नाही, कारण ओळी लपवलेल्या नाहीतच. फिल्टर काढायला जातात, तर फिल्टर लावलेलाच नाही; असता तर डावीकडचे ओळींचे नंबर निळे दिसले असते. एवढं होऊनही तळाची बेरीज पूर्वीइतकीच येते, म्हणजे ८२ जण कुठंतरी जिवंत आहेत. ते त्या गोठवलेल्या ओळीच्या वर अडकलेले असतात. त्याच मेनूत आता Unfreeze Panes दिसतं, ते दाबलं की सगळे सुखरूप परत.

तिसरा प्रकार त्याहून विनोदी. कर्सर A1 मध्ये ठेवून काका साधं Freeze Panes दाबतात. A1 च्या वर काही नाही, डावीकडं काही नाही, तेव्हा गोठवायचं काय? एक्सेल स्वतःच्या मनाने पडद्याच्या मधोमध रेघ मारतं आणि निम्मी शीट जागच्या जागी थिजते.

खरी रीत एवढीच: आधी Unfreeze, मग Ctrl+Home दाबून अगदी वर जायचं, मग C6 वर क्लिक करून Freeze Panes. कर्सरच्या वरच्या ओळी आणि अलीकडचे रकाने अडकतात. C6 धरला की वर पाच ओळी आणि बाजूला अनुक्रमांक व नाव, दोन्ही जागेवर राहतात. झालं की नाही हे पाहायलाही Ctrl+Home च. गोठवलेल्या शीटमध्ये तो A1 ला न जाता पहिल्या मोकळ्या सेलवर येतो. C6 वर आला तर ठीक, दुसरीकडं आला तर रेघ चुकली.

पाच ओळी अडकवण्याचं भाडं मात्र भरावं लागतं. पहिल्या ओळीत कुणी हौसेनं मोठा लोगो लावला असेल, तर छोट्या लॅपटॉपवर निम्मा पडदा त्यातच जातो आणि खाली सरकायला थोडेच कामगार उरतात. स्पष्टच सांगायचं तर कंपनीचं नाव पगाराच्या कामाच्या शीटमध्ये हवं कशाला? ते छापायच्या वेळी हेडरमध्ये टाकावं आणि मथळा पहिल्या ओळीत आणावा. पण हे मालकासमोर बोलायची हिंमत कुणात नाही.

अमिरातीत आणखी एक वळण आहे. अरबी कागदपत्रं बघणारा सहकारी तीच शीट Sheet Right-to-Left करून परत पाठवतो. A रकाना उजवीकडं गेलेला असतो आणि गोठवलेली नावंही उजव्या कडेला जाऊन उभी राहतात. काका डाव्या बाजूला नावं शोधत बसतात. बिघाड काही नसतो; ‘अलीकडचे’ रकाने आता उजवीकडं आहेत इतकंच.

आणि इतकं सगळं जमल्यावर काका प्रिंट काढतात, कॅम्प बॉसला सह्या घ्यायला द्यायची असते. पहिल्या पानावर मथळा, दुसऱ्यापासून नुसते आकडे. Freeze Panes पडद्यापुरतंच, कागदाला त्याचा पत्ता नसतो. छपाईसाठी Page Layout मधल्या Print Titles मध्ये जाऊन Rows to repeat at top या चौकटीत हे लिहावं लागतं:

```
$5:$5
```

ही चौकट काका नेमके प्रिंट प्रिव्ह्यूमधल्या Page Setup मधून शोधतात. तिथं ती दिसते, पण करड्या रंगात, आणि कितीही क्लिक केलं तरी उघडत नाही.